हॉट वॉलेट की कोल्ड वॉलेट? आधी किल्ली कुठे आहे ते बघा

एक्स्चेंजच्या ॲपमध्ये तुमच्या नावापुढे 0.04 बिटकॉइन दिसतं, त्याचा अर्थ एवढाच की एक्स्चेंज तुमचं तेवढं देणं लागतं. ते बिटकॉइन प्रत्यक्षात कंपनीच्या वॉलेटमध्ये, कंपनीच्या किल्लीखाली असतं. हे बहुतेकांना 18 जुलै 2024 रोजी कळलं. त्या दिवशी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे 23 कोटी 50 लाख डॉलर्सची क्रिप्टो चोरीला गेली. एक्स्चेंजकडच्या एकूण मालमत्तेचा हा जवळपास 45 टक्के भाग होता. पैसे काढणं त्याच दिवशी बंद झालं, प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेलं आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर 2025 उजाडलं. ज्यांची नाणी त्या दिवशी स्वतःच्या वॉलेटमध्ये होती, त्यांना फक्त बातमी वाचावी लागली.

म्हणून हॉट आणि कोल्डच्या आधी हा फरक लक्षात घ्या. एक्स्चेंजचं खातं म्हणजे तुमचं हॉट वॉलेट नव्हे, ते दुसऱ्याचं वॉलेट आहे. हा लेख त्यापुढच्या टप्प्यासाठी आहे: नाणी स्वतःच्या ताब्यात घ्यायची ठरवली तर कुठे ठेवायची आणि कशी. उदाहरण मुख्यतः बिटकॉइनचं घेतलं आहे, कारण नवखे बहुधा तिथूनच सुरुवात करतात. इथेरियममध्ये धोका जिथे बदलतो तिथे तसं सांगितलं आहे.

वॉलेटमध्ये असतं काय

वॉलेटमध्ये नाणी नसतात. नाण्यांची नोंद ब्लॉकचेनवर असते आणि ती जगातल्या हजारो संगणकांवर उघड असते. वॉलेटमध्ये असते फक्त किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की. नाणी पुढे पाठवायची तर त्या व्यवहारावर या किल्लीने डिजिटल सही करावी लागते. सही बरोबर असली की नेटवर्क व्यवहार मान्य करतं. सही कोणी केली, रडत केली की हसत केली, याची चौकशी कोणी करत नाही आणि झालेला व्यवहार परत फिरवणारी कचेरीही नाही.

ही किल्ली तयार होते बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांमधून. त्यांना सीड फ्रेज म्हणतात. शब्द 2,048 शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतले असतात. यंत्र हरवलं, मोडलं, समुद्रात पडलं तरी हे शब्द असतील तर दुसऱ्या यंत्रावर सगळं परत उघडता येतं. आणि हे शब्द दुसऱ्या कोणाला मिळाले तर त्याला तुमचं यंत्र, पिन, मोबाइल यातलं काहीच लागत नाही.

आता हॉट आणि कोल्ड. ज्या वॉलेटची किल्ली इंटरनेटला जोडलेल्या मोबाइलवर किंवा संगणकावर असते आणि सहीही तिथेच होते ते हॉट: मेटामास्क, फँटम, ब्लूवॉलेट ही त्यातली नेहमीची नावं. ज्याची किल्ली इंटरनेटपासून तुटलेल्या यंत्रात जन्मते, तिथेच राहते आणि सहीही आतच होते ते कोल्ड. बाहेर येते ती फक्त झालेली सही. लेजर, ट्रेझर, सायफरॉक ही अशी यंत्रं. त्यांना हार्डवेअर वॉलेट म्हणतात. अशा यंत्रासोबत मोबाइलवर किंवा संगणकावर एक ॲप असतं. त्यात शिल्लक दिसते, व्यवहार तयार करता येतो, पण किल्ली त्यात नसते. त्यामुळे ॲप उडालं तरी नाणी उडत नाहीत. नवे लोक इथे उगाच घाबरतात.

हॉट वॉलेट: कोणासाठी आणि कसं

ज्याची नाणी हलती राहतात त्याला हॉट वॉलेट सोयीचं पडतं. महिन्यातून चार वेळा कोणाला यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाशी बांधलेली नाणी, पाठवायची आहेत, इथेरियमवरची एखादी सेवा वापरून बघायची आहे, किंवा सगळी मिळून वीसेक हजारांची क्रिप्टो आहे आणि वॉलेट म्हणजे काय ते शिकायचं आहे, अशांनी हार्डवेअर वॉलेटच्या मागे लागू नये. साधं यंत्रही साधारण सहा ते दहा हजारांत जातं. वीस हजारांच्या मालाला आठ हजारांचं कुलूप लावण्यात हशील नाही. माझा ढोबळ ठोकताळा असा: यंत्राच्या किमतीच्या दहापट रक्कम होईपर्यंत हॉट वॉलेट चालेल, त्यानंतर विचार करायला लागा.

ॲप घेताना गुगलवर नाव टाकून सगळ्यात वरच्या जाहिरातीवर बोट ठेवू नका. बनावट वॉलेटवाले त्याच जागेसाठी पैसे मोजतात. कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन तिथल्या दुव्याने स्टोअर उघडा. नवं वॉलेट तयार केलं की ॲप शब्द दाखवतं. ते तेव्हाच कागदावर लिहायचे. स्क्रीनशॉट नाही, गुगल ड्राइव्ह नाही, स्वतःलाच पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज तर नाहीच. हा नुसता धाक नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी स्पार्ककॅट नावाचा घातक कोड उघडकीस आणला. तो ॲपल आणि गुगल या दोघांच्या अधिकृत स्टोअरमधल्या काही ॲप्समध्ये शिरला होता आणि गॅलरीतले फोटो वाचून त्यात सीड फ्रेज सापडते का ते बघत होता. फोटोची परवानगी आपणच हसत हसत देतो.

हॉट वॉलेटचा दुसरा धोका इथेरियम आणि तशाच ब्लॉकचेन-साखळ्यांवरचा आहे, आणि तो शब्द चोरीला न जाताही घडतो. एखाद्या साइटला वॉलेट जोडलं की ती `Approve` मागते. याचा अर्थ: माझ्या वॉलेटमधलं अमुक टोकन तुमच्या प्रोग्रॅमला हलवायची परवानगी. बरेचदा ही परवानगी अमर्याद रकमेची असते आणि तुम्ही काढून घेईपर्यंत टिकते. आज 50 डॉलर्सचं काम केलं, सहा महिन्यांनी त्या वॉलेटमध्ये 2,000 डॉलर्स आले, आणि मधल्या काळात ती साइट किंवा तिचा प्रोग्रॅम चोरांच्या हाती गेला, तर 2,000 जातात. तेव्हा परवानगी देताना रक्कम स्वतः टाका आणि काम झालं की ती काढून टाका. त्यासाठी `revoke.cash` हे ठिकाण सगळे वापरतात. परवानगी काढायलाही थोडं नेटवर्क शुल्क पडतं, म्हणून लोक आळस करतात.

आणि एक: मेटामास्कच्या नावाने टेलिग्रामवर किंवा फोनवर जो ‘सपोर्ट’वाला भेटतो तो चोर असतो. शब्द विचारणारा कोणीही चोरच असतो, मग त्याची भाषा कितीही गोड असो.

कोल्ड वॉलेट: एक उदाहरण शेवटपर्यंत

माझी मावसबहीण नाशिकला नोकरी करते. तिने तीनेक वर्षं एका ॲपवरून थोडं थोडं बिटकॉइन घेतलं. जमले 0.04 बिटकॉइन. हिशेबाच्या सोयीसाठी एका बिटकॉइनचा भाव 80 लाख रुपये धरू, म्हणजे तिच्याकडे 3 लाख 20 हजारांचा ऐवज झाला. पुढची पाच-सात वर्षं तिला ते विकायचं नाही, हात लावायचा नाही. कोल्ड वॉलेट याच माणसासाठी असतं: रक्कम बऱ्यापैकी, हालचाल जवळजवळ शून्य. आठ हजारांचं यंत्र म्हणजे ऐवजाच्या अडीच टक्के.

खरेदीपासून सुरुवात. यंत्र कंपनीकडून किंवा कंपनीच्या साइटवर नाव असलेल्या विक्रेत्याकडून घ्यायचं. ओएलएक्सवरचं वापरलेलं नाही, मित्राने ‘मला नको, तू घे’ म्हणून दिलेलं नाही. खोक्यात आधीच लिहिलेल्या शब्दांचं कार्ड निघालं तर ते यंत्र सरळ परत करा. खरं यंत्र कोरं येतं आणि शब्द तुमच्या समोर, स्वतःच्या पडद्यावर तयार करतं. आधीपासून छापलेले शब्द दुसऱ्या कोणाकडेही आहेत, हे धरून चाला. डिलिव्हरीचा पत्ता घराऐवजी कचेरीचा दिलात तर बरं. 2020 मध्ये लेजरच्या ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर फुटले आणि नंतर अनेकांच्या घरी कंपनीच्या नावाने बनावट पत्रं आली, काहींना तर बनावट यंत्रंच पोस्टाने आली. यंत्राला धक्का लागला नव्हता. यंत्र कोणाकडे आहे हे मात्र चोरांना कळलं होतं.

पुढे मांडणी. यंत्र संगणकाला जोडायचं, कंपनीचं ॲप कंपनीच्या साइटवरून घ्यायचं आणि यंत्र खरं असल्याची तपासणी ॲपकडून करून घ्यायची. यंत्रावर ‘नवं वॉलेट’ निवडायचं, पिन ठरवायचा. मग यंत्राच्या त्या बोटभर पडद्यावर शब्द एकेक करून येतात. बहिणीने ते खोक्यातल्या कार्डावर शिसपेन्सिलीने लिहिले, कारण जेल पेनची शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते. प्रत्येक शब्द क्रमांकासह, सुटी अक्षरं काढून. हस्ताक्षराचा इथे खरोखर प्रश्न येतो: यादीत `wood` पण आहे आणि `wool` पण आहे. घाईत काढलेला d आणि l पाच वर्षांनी कोण ओळखणार?

यानंतरची पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच आहे. पैसे पाठवण्याआधी यंत्र मुद्दाम पुसायचं. वॉलेट रिकामं असताना ॲपमध्ये येणारा, नाणी स्वीकारायचा पहिला बिटकॉइन पत्ता लिहून ठेवायचा. तो `bc1q` ने सुरू होतो. मग यंत्राच्या सेटिंगमधून सगळं रीसेट करायचं. लेजरवर तीनदा चुकीचा पिन टाकला तरी तेच होतं. आता कोऱ्या झालेल्या यंत्रावर ‘जुनं वॉलेट परत आणा’ निवडायचं आणि कागदावरून शब्द भरायचे. तोच पत्ता परत दिसला तर कागद बरोबर आहे.

पत्ता का जुळवायचा, नुसते शब्द स्वीकारले गेले एवढं का पुरत नाही? शेवटच्या शब्दात पडताळणीचा एक छोटा भाग असतो. एखादा शब्द चुकीचा पण यादीतलाच असला तर यंत्र बहुतेक वेळा ‘शब्द बरोबर नाहीत’ म्हणतं. पण बारा शब्दांच्या वेळी सोळांपैकी एक चूक या चाळणीतून निसटते. चोवीस शब्दांच्या वेळी 256 पैकी एक. निसटली की यंत्र काहीही कुरकुर न करता एक वेगळंच, रिकामं वॉलेट उघडून देतं. आज कळलं तर कागद दुरुस्त करता येतो. पाच वर्षांनी, जुनं यंत्र बिघडल्यावर कळलं तर करता येत नाही.

बहिणीचं असं झालं. पहिल्यांदा शब्द भरले तेव्हा यंत्राने नकार दिला. ती घाबरून म्हणाली, “दादा, बिघडलं बहुतेक.” बिघडलं काही नव्हतं. सतरावा आणि अठरावा शब्द लिहिताना उलटसुलट झाले होते. क्रमही किल्लीचाच भाग आहे, शब्द तेच असले तरी क्रम बदलला की किल्ली बदलते. वॉलेट रिकामं होतं, त्यामुळे आम्ही पुन्हा रीसेट करून नवेच शब्द घेतले, पुन्हा लिहिले, पुन्हा पडताळले. अर्धा तास गेला.

एक्स्चेंजवरून नाणी आणणं

आधी हे बघा की तुमचं ॲप नाणी बाहेर पाठवू देतं का. भारतातली काही ॲप्स फक्त खरेदी-विक्री देतात, बाहेर पाठवणं देत नाहीत किंवा मोजक्याच नाण्यांना देतात. ही चौकशी खरेदीआधी करायची असते. मार्च 2023 पासून एक्स्चेंजेस मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या आहेत, त्यामुळे पैसे पाठवताना ‘हा पत्ता कोणाचा’ असं विचारलं जातं. स्वतःचा असेल तर तसं लिहायचं. नवा पत्ता जोडल्यावर काही ठिकाणी चोवीस तास थांबावं लागतं.

वॉलेटच्या ॲपमध्ये `Receive` दाबलं की पत्ता येतो. तोच पत्ता यंत्राच्या पडद्यावरही दाखवायला सांगा आणि दोन्ही जुळवा. संगणकावर घातक प्रोग्रॅम असेल तर तो संगणकाच्या पडद्यावरचा किंवा कॉपी केलेला पत्ता बदलू शकतो, यंत्राच्या पडद्यावरचा नाही. एक्स्चेंजवर पेस्ट केल्यावर पुन्हा जुळवा, आणि फक्त पहिली-शेवटची चार अक्षरं बघून थांबू नका. सुरुवात आणि शेवट सारखे असलेले पत्ते चोर मुद्दाम तयार करतात आणि त्यावरून तुमच्याकडे क्षुल्लक रक्कम पाठवतात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही इतिहासातून नेमका तो पत्ता उचलाल. म्हणून जुन्या व्यवहारातून पत्ता कॉपी करण्याची सवयच नको.

नेटवर्क निवडायला लावलं तर बिटकॉइनला बिटकॉइनच निवडा. यूएसडीटीला हा घोळ जास्त होतो: तो ट्रॉनवरही असतो, इथेरियमवरही असतो, आणि पाठवणाऱ्याने व घेणाऱ्याने एकच साखळी निवडलेली हवी.

बहिणीने आधी 0.001 बिटकॉइन पाठवलं, म्हणजे आपल्या धरलेल्या भावाने 8,000 रुपये. बिटकॉइनचा एक ब्लॉक, म्हणजे मान्य झालेल्या व्यवहारांचा एक गठ्ठा, साधारण दहा मिनिटांनी येतो. एक्स्चेंज स्वतःची तपासणी करून पाठवतं, त्यामुळे तासभरही लागू शकतो. `mempool.space` वर आपला पत्ता टाकला की व्यवहार निघाला का, किती ब्लॉक झाले ते दिसतं. तिथे दिसला आणि यंत्राच्या ॲपमध्येही आला की मगच उरलेले 0.039.

आता शुल्काचा हिशेब, कारण इथे नवे लोक नकळत पैसे घालवतात. एक्स्चेंज बाहेर पाठवायला बहुधा ठरावीक शुल्क घेतं, रक्कम कितीही असो. समजा ते 0.0002 बिटकॉइन आहे, म्हणजे 1,600 रुपये. चाचणी धरून दोनदा पाठवलं तर 3,200 रुपये, एकूण ऐवजाच्या एक टक्का. चालेल. पण कोणी दरमहा 5,000 चं बिटकॉइन घेऊन दरमहा यंत्रावर पाठवायला लागला तर दर खेपेला जवळपास एकतृतीयांश शुल्कात जाईल. वर्षातून एकदा-दोनदाच पाठवावं.

याला आणखी एक कारण आहे. बिटकॉइनमध्ये तुमच्याकडे आलेली प्रत्येक रक्कम वेगळा तुकडा म्हणून राहते. खात्यासारखी एकत्र होत नाही. पुढे पाठवताना जितके तुकडे वापरावे लागतील तितका व्यवहार लांब होतो, आणि नेटवर्कचं शुल्क रकमेवर नसतं, लांबीवर असतं. एक तुकडा एका पत्त्यावर पाठवायचा व्यवहार सुमारे 110 व्हर्च्युअल बाइट्सचा असतो. बारा तुकडे एकत्र पाठवायचे तर सुमारे 858. नेटवर्कवर गर्दी असेल आणि दर बाइटला 50 सातोशी द्यावे लागत असतील, तर पहिल्याला 5,500 सातोशी लागतील, दुसऱ्याला 42,900. एका बिटकॉइनमध्ये 10 कोटी सातोशी, म्हणजे आपल्या भावाने एक सातोशी आठ पैशांना. 440 रुपये आणि 3,432 रुपये. गर्दी नसलेल्या दिवशी दोन्ही आकडे खूप खाली येतात, पण विकायची घाई बहुधा सगळ्यांना एकाच दिवशी होते.

कागद कुठे ठेवायचा

इतकं झाल्यावर सगळा भार त्या कागदावर येतो. यंत्राचा पिन यंत्राला राखतो, कागदाला कोणी राखत नाही. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर कपाटातल्या कागदाचं दोन पावसाळ्यांत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. वाळवी आणि बुरशी यांना सीड फ्रेज आणि रेशनकार्ड यातला फरक कळत नाही. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर ठोकून अक्षरं उमटवणं हा टिकाऊ उपाय आहे. शब्दाची पहिली चार अक्षरं ठोकली तरी पुरतात, कारण यादीतल्या कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. पट्टी स्वतः ठोका. खोदकामाच्या दुकानात देणं म्हणजे दुकानदाराला वॉलेट देणं.

प्रती दोन, जागा दोन: एक घरी, एक दुसऱ्या घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. लॉकरबद्दल एक माहिती असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, कर्मचाऱ्याची अफरातफर अशा प्रसंगी बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते, आत काय होतं याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणून लॉकर ही दुसरी जागा, एकुलती एक नव्हे.

अर्धे शब्द इथे, अर्धे तिथे, अशी हुशारी करू नका. दोनपैकी एक तुकडा गेला तरी सगळं जातं, म्हणजे हरवण्याचा धोका दुप्पट होतो. ‘पंचविसावा शब्द’ म्हणून ओळखला जाणारा जादा पासफ्रेजही सुरुवातीला नको. तो विसरला तर तुमचे चोवीस शब्द बरोबर असूनही रिकामं वॉलेट उघडतं, आणि तो चुकला आहे असं सांगणारी कोणतीही पडताळणी त्यात नसते.

चोरीइतकाच हरवण्याचा धोका खरा आहे. वेल्समधल्या न्यूपोर्टचे जेम्स हॉवेल्स यांची हार्ड डिस्क 2013 मध्ये कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे 8,000 बिटकॉइनची किल्ली होती. कचराभूमी खणायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि जानेवारी 2025 मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. इंटरनेटपासून ती किल्ली पूर्ण सुरक्षित आहे. दुसरी प्रत मात्र नव्हती.

घरातल्या एका माणसाला हे सगळं आहे हे माहीत हवं. शब्द सांगायची गरज नाही. एका पाकिटात एवढं लिहून ठेवा: यंत्र अमुक कंपनीचं, पट्टी अमुक जागी, फोनवर किंवा मेलवर कोणी शब्द मागितले तर द्यायचे नाहीत, आणि उघडताना अमुक नातेवाइकाला सोबत घ्यायचं.

कोल्ड असूनही पैसे जातात ते कसे

21 फेब्रुवारी 2025 रोजी बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर्सचं इथर, म्हणजे इथेरियमचं नाणं, गेलं, आणि ते कोल्ड वॉलेटमधून गेलं. किल्ली चोरीला गेली नव्हती. सह्या करणारे ज्या वेब पानावर व्यवहार बघत होते, ते पानच हल्लेखोरांनी आतून बदललं होतं. पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता, हार्डवेअर यंत्रावर मात्र ज्यातून माणसाला काही अर्थबोध होणार नाही असे आकडे-अक्षरं आले, आणि अधिकाऱ्यांनी सह्या केल्या. वझीरएक्समध्येही सह्या हार्डवेअर यंत्रांवरच झाल्या होत्या. दिसत होता एक व्यवहार आणि सही झाली दुसऱ्यावर, असंच कंपनीने सांगितलं. कोऱ्या चेकवर सही केली तर चेकबुक तिजोरीत असण्याचा काय उपयोग?

तुमच्यापुरता याचा अर्थ असा. यंत्रावर फक्त बिटकॉइन असेल तर यंत्राच्या पडद्यावर पत्ता आणि रक्कम पूर्ण दिसते, वाचता येते, त्यामुळे हा धोका जवळजवळ उरत नाही. तेच यंत्र मेटामास्कला जोडून इथेरियमवरच्या साइट्सवर फिरलात, तर मघाची ती अमर्याद परवानगी यंत्रावरूनही देता येते. यंत्रावर वाचता न येणारा मजकूर आला की नाकारायचं. लेजरमध्ये अशा न वाचता येणाऱ्या सहीसाठी ‘ब्लाइंड सायनिंग’ नावाची सेटिंग आहे. ती बंदच ठेवा. फिरायचंच असेल तर त्यासाठी वेगळं हॉट वॉलेट ठेवा, वेगळ्या शब्दांचं, आणि त्यात गेले तरी झोप उडणार नाही एवढेच पैसे. यंत्राचे शब्द मोबाइल वॉलेटमध्ये टाकून ‘दोन्हीकडे एकच’ केलंत, तर त्या क्षणापासून तुमचं कोल्ड वॉलेट कोल्ड राहिलं नाही.

काही जणांना दोन्ही नकोत. जो रोज खरेदी-विक्री करतो त्याची चालू रक्कम एक्स्चेंजवरच राहणार, धोका धरूनच. ज्याला कागद दहा वर्षं सांभाळण्याची खात्री नाही, घरात ज्याच्या मागे कोणी बघणारं नाही, त्याने स्वतःच्या ताब्याचा हट्ट धरू नये. त्याने रक्कम कमी ठेवावी हे उत्तम.

नोंदी

स्वतःच्याच वॉलेटमध्ये नाणी हलवणं ही विक्री नाही, त्यामुळे त्यावर कर लागत नाही असं सर्वसाधारणपणे धरलं जातं. विकाल तेव्हा नफ्यावर सरसकट 30 टक्के कर अधिक अधिभार व उपकर, आणि खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा मिळत नाही. आपले ते 3,200 रुपये शुल्कसुद्धा नाही. पण खरेदीची किंमत सिद्ध करायची जबाबदारी तुमची, आणि ती माहिती वॉलेटमध्ये नसते, एक्स्चेंजकडे असते. म्हणून नाणी बाहेर काढताच एक्स्चेंजवरून सगळ्या खरेदीची आणि बाहेर पाठवल्याची फाइल उतरवून घ्या, प्रत्येक हस्तांतराचा व्यवहार क्रमांक सोबत लिहा, आणि दर वर्षी रिटर्न भरताना ती तुमच्या सीएला दाखवा. ही फाइल ड्राइव्हवर ठेवली तरी चालेल.